संध्याकाळी सहा ते दहा: शाळा सुटलेल्या एका मुलाचे टोळीत जाणे आणि बाहेर येणे
(सोलापुरातील एक प्रकरण अभ्यास)

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा प्रकरणातील बालकाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून मुलाचे नाव, वस्ती आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात क्रमालाच महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

किरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वस्तीत राहतो. वडील टॉवेलच्या यंत्रमागावर रात्रपाळीला असतात. पाळी बारा तासांची. संध्याकाळी सातला ते बाहेर पडतात, सकाळी परततात आणि दुपारभर झोपतात. आई घरी विड्या वळते. दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या तर पान कापण्यापासून बंडल बांधण्यापर्यंत हात थांबवता येत नाही. वर विड्या पोचवायला आणि पान-तंबाखू आणायला कारखान्याच्या ब्रँचवर जावे लागते. मोठी बहीण बारावीनंतर एका दुकानात कामाला लागली होती. घरात दारू नव्हती, मारहाण नव्हती. अशा मुलाबद्दल लिहिलेल्या अहवालात ‘विस्कळीत कुटुंब’ हा शब्द सवयीने येतो. इथे तो लागू पडत नाही.

किरण आठवीपर्यंत सरकत गेला. नववीत गणित आणि इंग्रजी त्याच्या हातून सुटले. त्याच सुमारास आईचा हात दुखू लागला आणि ब्रँचवर जायचे काम त्याच्याकडे आले. आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडू लागली. बुडालेल्या दिवसाचा गृहपाठ नाही म्हणून वर्गात उभे राहावे लागायचे, आणि उभे राहावे लागते म्हणून पुढचा दिवसही बुडायचा. सहामाहीनंतर तो गेलाच नाही. हजेरीपटावर मात्र त्याचे नाव वर्षअखेरपर्यंत होते. वय पंधरा. शिक्षण हक्क कायद्याची सक्ती सहा ते चौदा वयापर्यंतची, त्यामुळे त्याच्या मागे लागणे कुणाच्याही कामाच्या यादीत नव्हते.

शाळा सुटली आणि टोळी भेटली, या दोन घटनांमध्ये सुमारे चार महिन्यांचे अंतर आहे. ही गोष्ट आम्ही, म्हणजे पुढे हे प्रकरण हाताळणाऱ्या कार्यकर्त्यांनी, आई, बहीण आणि खुद्द किरण यांच्याकडून वेगवेगळी विचारून पक्की केली. त्या चार महिन्यांत त्याने मागासाठी सूत गुंडाळणाऱ्या कांडी मशीनवर काम केले, ते सोडले, क्रिकेट खेळला आणि घरी झोपून राहिला. त्या काळात त्याने चोरी किंवा मारामारी केल्याचे कुणीही सांगितले नाही.

टोळी म्हणजे नेमके काय होते

‘टोळी’ म्हटले की डोळ्यासमोर काहीतरी संघटित उभे राहते. इथे दहा-बारा पोरे होती, चहाची एक टपरी होती आणि मध्ये पंचविशीतला एक तरुण होता. त्याला सगळे ‘दादा’ म्हणत. दादाचे उघड काम मंडळाचे: वर्गणी, फलक, मिरवणूक. दुसरे काम एका खासगी सावकाराच्या वसुलीचे. पैसे थकवणाऱ्याच्या दारात चार पोरे नेऊन उभी करायची, एवढ्याने बहुतेक वेळा काम होत असे.

किरणचा शिरकाव हळूहळू झाला. वर्गातला एक जुना मित्र त्याला टपरीवर घेऊन गेला. पहिले काही आठवडे चहा आणणे, गाड्यांवर लक्ष ठेवणे, फलक बांधताना दोर धरणे. मग एकदा ‘नुसतं मागं उभा राहा’ म्हणून वसुलीला. तिथे त्याने एक शब्दही काढला नाही, पण परतताना दादाने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोनशे रुपये खिशात घातले. पुढच्या वेळी तो बोलला. त्यानंतर शिवीगाळ, कॉलर धरणे, आणि सुमारे दहा महिन्यांनी एका मिरवणुकीनंतर दुसऱ्या ग्रुपशी झालेला राडा. त्यात समोरच्या एका मुलाच्या डोक्याला काठी लागली. काठी किरणच्या हातात होती. तेव्हा तो साडेसोळा वर्षांचा होता.

सोबत प्रौढ आरोपी असल्यामुळे एफआयआर झाला. एरवी जघन्य गुन्हा नसेल तर बालकाबाबत पोलिसांनी दैनंदिनीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा असतो. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर केले. आमच्याकडे हे प्रकरण त्या टप्प्यावर आले.

प्रश्न कसा मांडला

सगळे एकच वाक्य बोलत होते: संगत वाईट लागली. वाक्य खरे असले तरी त्यातून काय करायचे ते कळत नाही. संगत तर वस्तीतल्या प्रत्येक पोराला होती.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये विभेदक साहचर्याचा सिद्धांत मांडला आणि १९४७ मध्ये त्याला नऊ विधानांचे रूप दिले. त्याचा गाभा असा: गुन्हेगारी वर्तन शिकले जाते, जवळच्या माणसांशी होणाऱ्या व्यवहारातून शिकले जाते, आणि त्यात तंत्राबरोबरच कृतीला द्यायचा अर्थही शिकला जातो. कायदा मोडणे ठीक आहे असे सांगणारे अर्थ जेव्हा विरोधी अर्थांवर मात करतात तेव्हा माणूस त्या बाजूला जातो. सगळ्या संगतीचे वजन सारखे नसते. ती किती वेळा घडते, किती काळ टिकते, आयुष्यात किती लवकर सुरू झाली आणि ज्याच्याशी आहे त्याला आपण किती मोठा मानतो, यावर ते ठरते.

हे चार निकष आम्ही किरणच्या आठवड्यावर लावले. त्याच्याबरोबर बसून एका साध्या आठवड्याचा तासवार तक्ता केला. कोण भेटते, किती वेळ, काय बोलणे होते. संध्याकाळी सहा ते दहा हा वेळ आठवड्यातले सहा दिवस टपरीचा होता. वडिलांशी जागेपणी बोलणे दिवसाला वीस मिनिटांच्या वर जात नव्हते. आई दिवसभर समोर होती, पण बोलणे कामापुरते. शिक्षक, प्रशिक्षक, नातलग यांपैकी एकही मोठा माणूस त्या तक्त्यात नव्हता. लवकर सुरू होण्याच्या निकषावर मात्र घर पुढे होते आणि टपरी मागे. पंधराव्या वर्षापर्यंत त्याने घरात कष्टच पाहिले होते. ही गोष्ट आम्हाला आशेची वाटली.

सदरलँड यांच्या मांडणीत एक जागा रिकामी राहते. शिकणे घडते कसे, ते त्यात नीट सांगितलेले नाही. ती जागा १९६६ मध्ये रॉबर्ट बर्जेस आणि रोनाल्ड एकर्स यांनी प्रबलनाची, म्हणजे कृतीनंतर मिळणाऱ्या फळाची कल्पना आणून भरली. एकर्स यांनी पुढे तिचा सामाजिक अध्ययन सिद्धांत केला. साहचर्य, अर्थ, प्रबलन आणि अनुकरण हे त्याचे चार भाग. आमच्या दृष्टीने प्रबलनाचा भाग सर्वांत उपयोगी ठरला, कारण तो बदलता येण्यासारखा होता.

किरणला टपरीवर काय मिळत होते? पैसे मिळत होते, पण कांडी मशीनवर आठवड्याला मिळणाऱ्या रकमेपेक्षा ते फार जास्त नव्हते. फरक वेळेचा होता. टपरीवरचे फळ त्याच संध्याकाळी हातात पडे. शाळेतल्या कष्टाचे फळ वर्षअखेर, तेही नापासाचे. कांडीच्या पैशाला आठवडा लागे आणि तो सरळ आईच्या हातात जाई. दुसरा फरक नावाचा होता. वर्गात तो ‘उभा राहा’ होता. टपरीवर त्याला हाक मारून जागा करून देत.

अर्थांची नोंद आम्ही त्याच्याच शब्दांत ठेवली. “पैसे घेतलेत तर द्यायला नको काय बे?” “आमी उगाच कुणाला हात लावत नाय.” “पोलीस काय साधू हायत?” “दादासाठी मागं हटायचं नसतं.” ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये अशा समर्थनांचे पाच प्रकार सांगितले. त्यातले चार या वाक्यांत दिसतात: समोरच्यालाच दोषी ठरवणे, आपली जबाबदारी झटकणे, दोष देणाऱ्यावर दोष टाकणे आणि मोठ्या निष्ठेचा हवाला देणे. पाचवा, इजा झालीच नाही असे म्हणण्याचा, त्याच्या बोलण्यात आला नाही. काठी लागलेल्या मुलाचे रक्त त्याने पाहिले होते आणि तो विषय निघाला की तो गप्प होई. त्या मौनाची आम्ही मुद्दाम वेगळी नोंद केली. तिथे समर्थन तयार झालेले नव्हते, म्हणजे तिथे बोलता येणार होते.

पर्याय आणि पहिला निर्णय

जामिनाचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ नुसार बालकाला जामीन द्यायचा हा नियम आहे. सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका पोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल असे मानायला सबळ कारण असेल तरच तो नाकारता येतो. यातला पहिला अपवाद साहचर्याचा सिद्धांतच कायद्याच्या भाषेत सांगतो. पोलिसांचे म्हणणे त्यावरच उभे होते: हा सुटला की संध्याकाळी टपरीवर असेल. त्या आठवड्याच्या तक्त्याकडे पाहिले तर ते बरोबर होते.

पण जामीन नाकारला तर मुलाला जिथे ठेवतात त्या निरीक्षणगृहालाही तोच सिद्धांत लावावा लागतो. तिथे साहचर्य चोवीस तासांचे असते. आणि आत जाऊन आलेला म्हणून टपरीवरची किंमत वाढते. दादाच्या ग्रुपमधला एक मुलगा असा जाऊन आला होता आणि पोरे त्याचे किस्से ऐकायला जमत, हे किरणनेच सांगितले होते.

तिसरा पर्याय घरच्यांनी मांडला: अक्कलकोट तालुक्यात मामाकडे पाठवू. अंतराने साहचर्याची वारंवारता खाली येते, यात शंका नाही. पण मामाकडे शेतीचे थोडे काम सोडता त्याच्यासाठी काहीच नव्हते, आणि फोन त्याच्याबरोबर जाणार होता. मोकळा वेळ आणि हातात फोन असेल तर टपरी त्या गावातही पोचते. शिवाय मंडळाच्या तारखांना तो सोलापुरात येणारच. हा पर्याय आम्ही राखून ठेवला.

अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत द्यायच्या सामाजिक तपास अहवालासाठी आमच्या नोंदी मागितल्या. अहवालात ‘संगत सोडेल अशी हमी पालक देतात’ हे नेहमीचे वाक्य लिहू नये, असा आमचा आग्रह होता. रात्रपाळीचा बाप ही हमी कशी पाळणार? त्याऐवजी सहा ते दहा या चार तासांत मुलगा कुठे, कुणाजवळ आणि कशासाठी असेल ते लिहिले. मंडळाने जामीन कायम ठेवला: दर आठवड्याला परिविक्षा अधिकाऱ्याकडे हजेरी, आणि ठरलेल्या वेळात ठरलेल्या जागी असणे.

काय केले

ती जागा होती मोटार रिवाइंडिंगचे एक दुकान. यंत्रमागाच्या मोटारी जळतात तेव्हा तिथे तांब्याची जुनी तार काढून नवी गुंडाळतात. दुकानदार वडिलांच्या ओळखीचा, पन्नाशीतला, कमी बोलणारा माणूस. वेळ दुपारी तीन ते रात्री साडेनऊ. तीनऐवजी सकाळची वेळ ठेवली असती तर पगार तेवढाच झाला असता, पण संध्याकाळ रिकामी राहिली असती. किरणच्या बाबतीत रोजगारापेक्षा रोजगाराचा तास महत्त्वाचा होता.

दुकानदाराची पद्धत महिन्याला पगार द्यायची. आम्ही त्याला निम्मे पैसे रोज रात्री द्यायची विनंती केली. त्याला ते पटेना. “पोराला रोज पैसं दिलं की बिघडतंय,” असे त्याचे म्हणणे. आम्ही त्याला टपरीचा हिशोब सांगितला: तिथे काम झाले की त्याच रात्री दोनशे रुपये. महिनाभर वाट पाहायची सवय या पोराला अजून नाही, ती आधी आठवड्याची, मग पंधरवड्याची करत नेऊ. तो तयार झाला. तीन महिन्यांत पगार पंधरवड्यावर आला आणि किरणने तक्रार केली नाही.

मंडळाच्या आदेशात समूह समुपदेशनही होते. कलम १८ मध्ये तो मार्ग आहे आणि उपलब्ध गट शनिवारी भरत असे, सगळी मुले अशाच प्रकरणांतली. या ठिकाणी मला सावध राहायचे होते. थॉमस डिशियन, जोन मॅकॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलँ यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की वाट चुकलेल्या किशोरांना एकत्र बसवणारे उपक्रम कधी कधी त्यांचे नुकसान करतात. कारण असे की नियम मोडण्याच्या गोष्टीला सोबतची मुले हसून दाद देतात, आणि ते हसू म्हणजेच प्रबलन.

हे ओळखायची रीत सोपी आहे. गट चालवणाऱ्याने आपण काय बोललो याकडे न पाहता पोरे कशावर हसली ते टिपायचे. पहिल्या दोन शनिवारी हशा आला तो पोलिसांना चुकवल्याच्या आणि कोयता दाखवल्याच्या किश्शांवर. कामाबद्दल, आईबद्दल कुणी बोलले की शांतता. दुसऱ्या शनिवारी किरणने राड्याचा किस्सा सांगितला आणि त्यात पहिल्यांदाच रक्ताचा उल्लेख गाळला. जे समर्थन त्याच्याकडे नव्हते ते गटात तयार होत होते. आम्ही नोंदी दाखवून मंडळाला विनंती केली आणि समुपदेशन वैयक्तिक करून घेतले. गट चालवणाऱ्या कार्यकर्तीला याचा राग आला नाही. तिने पुढे गटाची रचनाच बदलली: अशी दोनच मुले, बाकी आयटीआयमध्ये शिकणारी.

फोनचे काय करायचे, यावर आमच्यात मतभेद होते. नंबर बदलून घ्यावा, असे एक मत. बदललाही. आठवड्यात ग्रुप इन्स्टाग्रामवरून पुन्हा जोडला गेला. मग किरणलाच विचारले, टपरीवर न जाण्यात सगळ्यात अवघड काय? तो म्हणाला, “काय सांगू त्यांना? घाबरला म्हणतील.” त्याला हवी होती ती मान खाली न घालता नाही म्हणायची सोय. ती मंडळाच्या अटीतून मिळाली. “सायबाकडं हजेरी हाय, साडेनऊपर्यंत दुकानात नसलो तर जामीन जातंय,” हे वाक्य टपरीवर चालण्यासारखे होते. पोलिसाला घाबरणे कमीपणाचे, पण तारीख चालू असणे तिथे समजून घेतले जाते. आम्ही हजेरीची अट सैल करण्याची विनंती त्यानंतर बराच काळ मुद्दाम केली नाही.

घसरण आणि दुसरा निर्णय

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दादाचा वाढदिवस आला. भर रस्त्यात गाडीवर केक, फटाके, मोबाईलचे कॅमेरे. किरण दुकानातून लवकर निघाला आणि तिथे गेला. रात्री त्याच्या स्टेटसवर दादाशेजारचा फोटो होता. बहिणीने तो आम्हाला दाखवला.

अट मोडली होती. परिविक्षा अधिकाऱ्याला न सांगण्याचा प्रश्नच नव्हता. ही माहिती दडवली असती तर हजेरीची सबब पोकळ झाली असती आणि बहिणीने पुढे काही सांगितले नसते. कळवताना आम्ही जामीन रद्द करू नये असे म्हटले आणि त्यामागचे कारण लिहून दिले: वसुली किंवा मारामारीत सहभाग नाही, तीन महिन्यांतली पहिलीच घटना, दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो दुकानात हजर. अधिकाऱ्याने समज देऊन आठवड्याची हजेरी दोनदा केली.

किरणशी बोलताना ‘का गेलास’ हा प्रश्न आम्ही टाळला. त्याचे उत्तर ‘चुकलं’ एवढेच येते. ‘तिथं काय झालं’ असे विचारले. त्याने बारकाईने सांगितले. तो पोचला तेव्हा दोघे उठून उभे राहिले, त्याला पुढे ओढले, दादाने केकचा पहिला तुकडा त्याच्या तोंडात घातला. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. तीन महिन्यांत दुकानात त्याच्यासाठी कुणी उठले नव्हते. पैशाची सोय आम्ही लावली होती, वेळेची लावली होती, नावाची लावलीच नव्हती.

दुकानदाराला हे सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने जे केले ते आमच्या कुणाच्या डोक्यात आले नसते. एका कारखान्यातून मोटार दुरुस्त होऊन गेली तेव्हा त्याने मालकाला किरणसमोर सांगितले, ही गुंडाळी याने केलीय, काही झालं तर यालाच फोन करा. आणि बिलामागे किरणचा नंबर लिहून दिला. त्यानंतर यंत्रमागवाले त्याला ‘मिस्त्री’ म्हणून फोन करू लागले. माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत परिणामकारक पाऊल हेच, आणि ते एका कारागिराचे आहे.

निष्पत्ती

चौकशी पूर्ण झाल्यावर मंडळाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या ताब्यात, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवले. राड्यानंतर साधारण दीड वर्ष झाले, तोवर त्याच्यावर नवा गुन्हा नव्हता. तो अजून त्याच दुकानात आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला खासगी बसला, गणित आणि विज्ञान राहिले. दहावी नापासांना घेणाऱ्या आयटीआयच्या ट्रेडसाठी अर्ज करायचे चालले आहे. दादा शहरात होता तोवर तो दिसला की किरण हात वर करायचा, थांबायचा नाही. जुन्या मित्राशी मैत्री टिकून आहे आणि ती तोडायला आम्ही सांगितलेही नाही.

त्याच्या वाक्यांची नोंद आम्ही शेवटपर्यंत ठेवली. संध्याकाळ बदलली तेव्हा वाक्ये बदलली नाहीत. पाच-सहा महिने तो वसुलीचे समर्थन करतच होता, फक्त जात नव्हता. “पैसे घेतलेत तर द्यायला नको काय” हे वाक्य थांबले ते दुकानदारानेही एका सावकाराचे हप्ते भरलेत, हे कळल्यावर. आधी विचार बदला मग वागणे बदलेल, या समजुतीने चालणाऱ्या व्याख्यानवजा समुपदेशनावर माझा विश्वास या प्रकरणानंतर आणखी कमी झाला.

सिद्धांत कुठे अपुरा पडतो

या निष्पत्तीचे सारे श्रेय वर सांगितलेल्या उपायांना देता येणार नाही. वाढदिवसानंतर काही महिन्यांनी दादावर तडीपारीची कारवाई झाली. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार ती जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी होते. दादा शहराबाहेर गेला आणि टपरी ओसरली. किरण त्याआधीच बाजूला होत होता हे आमच्या नोंदी सांगतात, पण दादा राहिला असता तर काय झाले असते ते त्या सांगू शकत नाहीत. शिवाय तो सतरा ओलांडून अठराकडे निघाला होता, आणि या वयात बरीच मुले आपोआपही निवळतात.

दुसरी अडचण जुनी आहे. टोळीमुळे मुलगा बिघडतो, की आधीच तसा असलेला मुलगा टोळी शोधतो? शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने दुसऱ्या बाजूने युक्तिवाद केला होता. टेरेन्स थॉर्नबेरी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासातून दाखवले की टोळीत असतानाच्या काळात मुलांचे गुन्हे वाढतात आणि बाहेर पडल्यावर घटतात. किरणच्या बाबतीतले ते चार शांत महिने याच बाजूला जातात. पण त्याच गल्लीतला, त्याच वर्षी शाळा सुटलेला दुसरा एक मुलगा टपरीवर दोनदा जाऊन परत फिरला. तो चारच्या पाळीला वडिलांबरोबर मागावर जाई, म्हणून त्याच्या संध्याकाळी भरलेल्या होत्या, असे म्हणता येते. मात्र जो गेला त्याच्यात अनुकूल अर्थ जास्त होते आणि जो गेला नाही त्याच्यात कमी, असे नंतर म्हणत बसलो तर सिद्धांत कधी चुकूच शकणार नाही. अर्थ आधी मोजले नसतील तर तो दावा करू नये.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी नववीच्या सहामाहीनंतरची होती. मुलगा शाळेत येत नाही आणि टपरीवरही गेलेला नाही, असे चार महिने शहरात कुणालाच दिसले नाहीत. त्या काळात सकाळी आईला ब्रँचवर मदत आणि दुपारनंतर दुकान, एवढी व्यवस्था पुरली असती. तेव्हा टपरीशी स्पर्धाच करावी लागली नसती.

दुसरी संधी कांडी मशीनची. त्याने ते काम तीन आठवड्यांत सोडले, कारण त्याच्या हातात एक रुपयाही येत नव्हता. घरच्यांना कुणी एवढेच सांगितले असते की आठवड्यातले पन्नास रुपये पोराला खर्चायला ठेवा, तर तो टिकला असता का, हे सांगता येत नाही. पण तो प्रयोग स्वस्त होता.

तिसरी गोष्ट अजून चालू आहे. किरण टपरीवरून उठला त्या जागी सातवीतला तेरा वर्षांचा एक मुलगा बसतो. दादा नाही, पण दादाचा एक जोडीदार आहे आणि चहा आणायला पोर लागतेच. एका मुलाला बाहेर काढणारे काम जागा रिकामी करते, ती भरणार नाही याची काळजी घेत नाही. या मुलाच्या बाबतीत शिक्षण हक्क कायदा लागू आहे आणि हजेरीपटावर त्याचे नावही आहे. त्याच्या वर्गशिक्षिकेला आम्ही तासवार तक्ता दाखवला आहे. ती त्याच्या घरी जाऊन आली, आणि संध्याकाळी सहानंतर तो कुठे असतो ते आईला ठाऊक नाही, एवढे पहिल्या भेटीत कळले आहे.